नाशिकमधील परिचारिकांसाठी जर्मनीतील परवाना: कागदपत्रांची तपासणी, ज्ञानपरीक्षा आणि पूरक अभ्यासक्रम

जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग पूर्ण करून काही वर्षे वॉर्डात काम केलेल्या आणि आता परदेशी नोकरीचा विचार करणाऱ्या नाशिकमधील परिचारिकांसमोर अलीकडे जर्मनीचे नाव वारंवार येते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून ही चौकशी अधिकच वाढली आहे. मात्र अशा करारामुळे परवान्याची प्रक्रिया टळत नाही. कोणत्याही मार्गाने गेलेल्या परिचारिकेला तेथील अधिकाऱ्यांकडून आपल्या शिक्षणाची मान्यता मिळवावीच लागते आणि ती मिळेपर्यंत तिला परिचारिका म्हणून नव्हे, तर सहायक म्हणून काम करावे लागते.

आखाती देश किंवा ब्रिटन यांच्या तुलनेत जर्मनीची पद्धत वेगळी आहे. तिकडे संगणकावरची परीक्षा आपल्याकडूनच देता येते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर पुढचे मार्ग खुले होतात. जर्मनीत निघण्यापूर्वी व्यवसायाची परीक्षा नसते, भाषेची असते. व्यवसायाच्या बाबतीत आधी कागद तपासले जातात, तुमच्या शिक्षणाचे तास तेथील अभ्यासक्रमाच्या तासांशी ताडून पाहिले जातात, आणि जो फरक निघेल तो तिथे पोचल्यावर परीक्षा देऊन किंवा अभ्यासक्रम पूर्ण करून भरून काढावा लागतो. त्यामुळे नाशिकमध्ये असतानाच कागदपत्रांकडे जेवढे बारकाईने लक्ष दिले जाईल, तेवढा पुढचा वेळ वाचतो.

भाषेची सुरुवात सर्वांत आधी

निघण्यापूर्वी जर्मन भाषेची बी१ पातळी आणि परवाना हाती पडण्यापूर्वी बी२ पातळी, हे सर्वसाधारण गणित आहे. परिचारिकेच्या परवान्यासाठी जर्मनीतील बहुतेक सर्व राज्ये बी२ मागतात. काही राज्ये त्याऐवजी नर्सिंगच्या भाषेवर आधारलेली वेगळी परीक्षाही मान्य करतात. गोएथे संस्थेच्या बी१ आणि बी२ परीक्षांमध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात आणि नापास झालेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्याकडच्या मुलींचे वाचन आणि लेखन बहुधा निभावते, अडते ते श्रवणात, कारण वर्गातील शिक्षकाचे सावकाश बोलणे आणि ध्वनिफितीतील बोलणे यांत बरेच अंतर असते. नाशिकमध्ये जर्मनचे वर्ग सहज मिळतात, पण क्लासचे स्वतःचे प्रमाणपत्र परवान्याच्या कामी येत नाही. गोएथे संस्थेची परीक्षा पुणे किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात द्यावी लागते, आणि तिच्या जागा लवकर भरतात.

रात्रपाळी करून वर्गाला जाणाऱ्या परिचारिकेला बी१ पर्यंत पोचायला वर्षभर लागू शकते. हा काळ वाया जात नाही, कारण याच काळात कागदपत्रांचे काम उरकता येते. दोन्ही कामे एकदम सुरू करावीत, एकामागून एक करू नयेत.

राज्य आधी ठरवावे, अर्ज नंतर

जर्मनीत परिचारिकेच्या मान्यतेसाठी संपूर्ण देशाचे एकच कार्यालय नाही. कायदा सर्वांना सारखा आहे, पण अर्ज ज्या राज्यात काम करायचे त्या राज्यातील अधिकाऱ्यांकडे जातो. बाडेन-वुर्टेंबर्गसाठी तो श्टुटगार्टच्या प्रादेशिक प्रशासनाकडे जातो, आणि इतर राज्यांची कार्यालये वेगळी आहेत. कागदपत्रांची यादी बरीचशी सारखी असली, तरी साक्षांकन कोणाचे चालेल आणि भाषांतर कोणाचे लागेल अशा तपशिलांत फरक पडतो. म्हणून राज्य ठरण्यापूर्वीच कोणी एजंट सर्व कागदांचे साक्षांकन आणि भाषांतर करून घेऊ लागला, तर त्याला थांबवावे. तो खर्च दुसऱ्यांदा करावा लागण्याची शक्यता असते.

राज्य बहुधा नोकरीच्या प्रस्तावावरून ठरते. प्रस्ताव नसेल, तर परदेशात राहणाऱ्या अर्जदारांसाठी जर्मनीत झेडएसबीए नावाचे सरकारी सल्ला केंद्र आहे. ते कोणत्या कार्यालयाकडे अर्ज करायचा आणि कोणते कागद लागतील, हे विनामूल्य सांगते. anerkennung-in-deutschland.de या शासकीय संकेतस्थळावर व्यवसाय आणि गाव भरले की संबंधित कार्यालयाचे नाव व पत्ता मिळतो. त्या कार्यालयाचे माहितीपत्रक उतरवून घ्यावे आणि पुढचे प्रत्येक काम त्याच कागदाशी ताडून करावे.

कागदपत्रे: इथेच बहुतेक वेळ जातो

जर्मनीतील परिचारिकेचे शिक्षण ३ वर्षांचे असते. त्यात किमान २१०० तास वर्गातील शिक्षण आणि २५०० तास प्रत्यक्ष काम असते. हे २५०० तास विभागांनुसार वाटलेले असतात. सुरुवातीच्या ओळखीच्या ४०० तासांनंतर रुग्णालयात ४००, वृद्धांच्या निवासी संस्थेत ४०० आणि रुग्णाच्या घरी जाऊन दिल्या जाणाऱ्या सेवेत ४०० तास अनिवार्य असतात. बालरुग्णांसाठी आणि मनोरुग्णांसाठी प्रत्येकी १२० तास असतात. उरलेले तास निवडलेल्या विभागात अधिक सखोल काम करण्यासाठी असतात. तपासणी करणारा अधिकारी तुमच्या कागदांत नेमके हेच शोधतो: कोणत्या विभागात किती तास वर्गात, किती तास रुग्णापाशी.

बीएससी नर्सिंग झालेल्यांसाठी हे तास दाखवणारा कागद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. त्यामुळे राज्याच्या इतर भागांतील मुलींना ज्या कामासाठी मुक्कामी यावे लागते, ते नाशिककरांना घरून जाऊन करता येते. जीएनएम झालेल्यांची गुणपत्रके मात्र मुंबईच्या परिचर्या व निमवैद्यकीय शिक्षण मंडळाची असतात. दोन्ही बाबतींत विषयांचे गुण सहज मिळतात, पण तासांची फोड बहुधा महाविद्यालयाकडूनच घ्यावी लागते, कारण वॉर्डातील पोस्टिंगची नोंदवही त्यांच्याकडेच असते.

या फोडीत दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली प्रसूतीशास्त्राची. आपल्या अभ्यासक्रमात मिडवायफरीचे तास पुष्कळ असतात, परंतु जर्मनीत सुईणीचा व्यवसाय स्वतंत्र आहे, म्हणून ते तास तुलनेत फारसे कामाला येत नाहीत. त्यामुळे एकूण बेरीज २५०० च्या पुढे गेली, तरी त्रुटी निघू शकतात, आणि हे पाहून अनेक जणी गोंधळतात. दुसरी सामुदायिक आरोग्याची. ट्रान्सक्रिप्टवर ‘कम्युनिटी हेल्थ नर्सिंग’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यात लसीकरणाचे शिबिर किती, उपकेंद्रातील काम किती आणि घरभेटी किती हे अधिकाऱ्याला कळत नाही. घरी जाऊन जखमेची मलमपट्टी केली, मधुमेही रुग्णाची तपासणी केली, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा केली, तर ते तास वेगळे आणि त्याच शब्दांत लिहून घ्यावेत. ते घरच्या सेवेच्या तासांशी जुळवता येण्याची शक्यता त्यामुळे निर्माण होते. महाविद्यालयाने खोटे काही लिहावे असे यात नाही. नोंदवहीत जे आहे ते सुटे करून लिहावे, एवढेच.

कामाचा अनुभव हा तितकाच मोलाचा कागद आहे, कारण शिक्षणातील फरक पुढच्या कामाच्या अनुभवाने भरून निघतो, असे जर्मन कायदा मानतो. आपल्याकडची अनुभव प्रमाणपत्रे मात्र साधारणपणे तीन ओळींची असतात: अमुक व्यक्ती या तारखेपासून त्या तारखेपर्यंत स्टाफ नर्स म्हणून होती, वर्तन चांगले होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. अशा कागदावरून कोणताही फरक भरून निघत नाही. प्रमाणपत्रात विभाग, त्या विभागातील कालावधी, आठवड्याचे तास, रुग्णांचा प्रकार आणि प्रत्यक्ष कामांची यादी असावी. मेट्रनबाईंना मजकूर लिहायला वेळ नसतो, म्हणून तो आपण तयार करून न्यावा आणि त्यांनी तपासून लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी द्यावा, हे सोयीचे पडते. नोकरी सोडण्यापूर्वीच हा कागद घ्यावा. सोडल्यानंतर मेट्रन बदलल्या, रुग्णालयाचे मालक बदलले, तर तो मिळवणे जिकिरीचे होते.

यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि तिचे नूतनीकरण. नोंदणी मुदतबाह्य झालेली असेल, तर आधी ती चालू करून घ्यावी. मूळ देशात व्यवसाय करण्याचा अधिकार आहे आणि आपल्याविरुद्ध कोणतीही कारवाई नाही, हे दाखवणारा परिषदेचा दाखलाही लागतो.

सर्वांत क्षुल्लक वाटणारी आणि सर्वांत जास्त खोळंबा करणारी बाब म्हणजे नाव. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि बऱ्याचदा आईचेही नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव येते, परिषदेच्या नोंदणीवर माहेरचेच राहते, आणि जर्मन अधिकाऱ्यासमोर तीन वेगवेगळ्या स्त्रियांचे कागद असल्यासारखे दिसते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदल राजपत्रात प्रसिद्ध केला असेल तर त्याची प्रत, हे दोन्ही कागद भाषांतरासह पहिल्याच खेपेला जोडावेत. मागितल्यावर पाठवू म्हटले, की एक-दोन महिने तिथेच जातात.

भाषांतराबाबत नियम कडक आहे. ते बहुतेक ठिकाणी शपथबद्ध भाषांतरकाराचेच लागते, आणि जर्मनीतील अशा भाषांतरकाराकडून केलेले कुठेही अडत नाही. साक्षांकनाच्या बाबतीत आपल्याकडच्या नोटरीचा शिक्का पुष्कळ कार्यालये धरत नाहीत, त्यामुळे जर्मन दूतावासाकडून होणारे साक्षांकन लागते का, हे माहितीपत्रकात आधी पाहावे. पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र यांची घाई मात्र करू नये. हे दोन्ही कागद अलीकडचे, साधारणतः ३ महिन्यांच्या आतले, मागितले जातात आणि त्यांची खरी गरज शेवटी, परवाना मिळताना असते. सुरुवातीलाच काढून ठेवले, तर ते पुन्हा काढावे लागतात.

अर्ज गेल्यानंतर काय होते

अर्ज पोचल्याची पोच एका महिन्याच्या आत यायला हवी आणि तिच्यातच काय कमी आहे ते कळवले जाते. निर्णयासाठी कायद्याने ३ महिन्यांची मुदत आहे, परंतु ती सर्व कागद पूर्ण झाल्यापासून मोजली जाते. अर्धवट अर्ज लवकर पाठवून काहीच साधत नाही, कारण घड्याळ सुरूच होत नाही.

नोकरी देणारी संस्था पक्की झाली असेल, तर तिच्यामार्फत जलद प्रक्रिया करता येते. त्यासाठी परिचारिका संस्थेला अधिकारपत्र देते आणि संस्था तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे अर्ज करते. त्याचे शुल्क ४११ युरो आहे. अशा वेळी मान्यतेचा निर्णय कागद पूर्ण झाल्यापासून २ महिन्यांत द्यावा लागतो आणि पुढे व्हिसाची भेटही लवकर मिळते. हे शुल्क संस्थेने भरावे अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे, आणि ते परिचारिकेकडून मागितले जात असेल, तर बाकीचा करारही जरा काळजीपूर्वक वाचावा.

२०२४ च्या सुरुवातीपासून आणखी एक सोय झाली आहे. तास ताडून पाहण्याची संपूर्ण तपासणी नको, मी थेट परीक्षा किंवा थेट अभ्यासक्रम करीन, असे अर्जदार लिहून देऊ शकते. ती सोय घ्यावी की नाही, हे पुढच्या निवडीवर अवलंबून आहे, म्हणून आधी ती निवड नीट समजून घेऊ.

निर्णयपत्र: एक उदाहरण

पूर्ण तपासणी केली, की निर्णयपत्र येते. त्याला तिथे ‘बेशाइड’ म्हणतात आणि आपल्याकडच्या एजंटांच्या तोंडीही हाच शब्द असतो. संपूर्ण समकक्षता मिळाली असे पत्र भारतीय परिचारिकांना क्वचितच येते. बहुधा त्यात ‘महत्त्वाचे फरक’ मांडलेले असतात आणि ते भरून काढण्याचे दोन पर्याय दिलेले असतात.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका महाविद्यालयातून बीएससी नर्सिंग झालेली, त्यानंतर २ वर्षे मेडिसिन वॉर्डात आणि ३ वर्षे आयसीयूमध्ये काम केलेली परिचारिका आहे. तिच्या कागदांत रुग्णालयीन सेवा, बालरुग्ण आणि मनोरुग्ण या विभागांचे तास पुरेसे भरतात. वृद्धांच्या निवासी संस्थेतील काम शिक्षणात जवळजवळ नाही आणि आयसीयूच्या अनुभवाने ते भरून निघत नाही. घरच्या सेवेचे काही तास सामुदायिक आरोग्याच्या फोडीतून मान्य होतात. तिच्या पत्रात असे लिहून येते: वृद्ध निवासी सेवा ३२० तास, घरी दिली जाणारी सेवा २४० तास, आणि वर्गातील शिक्षण १६० तास, ज्यात नर्सिंगशी संबंधित जर्मन कायदे आणि सेवेचे नियोजन हे विषय येतात.

बेरीज ७२० तास झाली. आठवड्याला ३८.५ तास धरले, तर हे सुमारे १९ आठवड्यांचे काम आहे. तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीने घरभेटींची फोड दिली नाही आणि तीन ओळींचे अनुभव प्रमाणपत्र जोडले असते, तर घरच्या सेवेचे पूर्ण ४०० तास आणि कदाचित इतर विभागांतील तासही तिच्या माथी आले असते. दोघींचे शिक्षण एकच, निर्णय वेगळे.

परीक्षा की अभ्यासक्रम

निर्णयपत्रात दिलेल्या दोन पर्यायांपैकी एक म्हणजे ज्ञानपरीक्षा, जर्मनमध्ये ‘केन्टनिसप्रूफुंग’. दुसरा म्हणजे पूरक अभ्यासक्रम, ‘आनपासुंग्सलेरगांग’. निवडीचा हक्क कायद्याने परिचारिकेला आहे. व्यवहारात मात्र नोकरी देणारी संस्था यांपैकी ज्याची सोय तिच्याकडे आहे तोच पुढे करते, म्हणून करारापूर्वीच हा प्रश्न विचारावा.

पूरक अभ्यासक्रम पत्रात लिहिलेल्या फरकांपुरता असतो. वरील परिचारिकेने तो निवडला, तर तिला वृद्ध निवासी संस्थेत आणि घरच्या सेवेत ठरलेले तास काम करावे लागेल आणि वर्गात बसावे लागेल. शेवटी गुणांची परीक्षा नसून समारोपाची चर्चा असते. शिकलेल्या विषयांवर तिला बोलते केले जाते आणि तिने ते आत्मसात केले आहे का, हे पाहिले जाते. चर्चा समाधानकारक झाली नाही, तर अभ्यासक्रम एकदा वाढवून मिळतो. हिशेबाने १९ आठवडे होत असले, तरी तुकड्या ठरावीक तारखांना सुरू होतात आणि विभागांत जागा मिळेपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे अर्धे वर्ष किंवा त्याहून जास्त धरून चालावे. फरक मोठा असेल, तर हाच अभ्यासक्रम वर्षभरही चालतो.

ज्ञानपरीक्षेचे तसे नाही. तिचे दोन भाग असतात, तोंडी आणि प्रात्यक्षिक. तोंडी भाग साधारण ४५ ते ६० मिनिटांचा असतो आणि तो एखाद्या रुग्णाच्या प्रसंगावर बेतलेला असतो. प्रात्यक्षिकात खऱ्या रुग्णांपाशी २ ते ४ प्रसंग हाताळायचे असतात. नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. तुमच्या पत्रातील फरक कमी निघाले, म्हणून परीक्षेचा गाभा लहान होत नाही, फार तर प्रात्यक्षिक कोणत्या विभागात द्यायचे यावर परिणाम होतो.

यातूनच वरच्या सोयीचे उत्तर मिळते. जिचा अनुभव भरपूर आणि चांगला लिहिलेला आहे, तिने पूर्ण तपासणी करून घ्यावी, कारण तिचा पूरक अभ्यासक्रम आखूड होण्याची शक्यता असते. जिने परीक्षाच द्यायची ठरवले आहे, तिला तासांच्या तपासणीतून फारसे काही मिळत नाही. तिने तपासणी सोडून दिली, तर काही महिने वाचतात. नुकतीच शिक्षण संपवलेली, अनुभव नसलेली मुलगी बहुधा या दुसऱ्या गटात मोडते. माझ्या मते अभ्यासात हुशार पण बोलण्यात संकोची असणाऱ्या मुलींनीही पूरक अभ्यासक्रमाचाच गंभीरपणे विचार करावा, कारण परीक्षेचे दोन्ही भाग बोलण्यावरच उभे आहेत.

प्रात्यक्षिकात आपल्याकडच्या परिचारिका कुठे अडतात, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. शीर पटकन सापडते, सलाईन लावणे हातचा मळ आहे, आयसीयूतील यंत्रे ओळखीची आहेत, आणि परीक्षेत यांपैकी फारसे काही विचारले जात नाही. जर्मनीत शिरेत सुई घालणे हे मुळात डॉक्टरांचे काम आहे आणि ते परिचारिकेकडे सोपवले जाऊ शकते. उलट रुग्णाला सेवेची काय गरज आहे हे ठरवणे, त्या सेवेचे नियोजन करणे आणि ती कितपत यशस्वी झाली हे तपासणे ही कामे कायद्याने फक्त परवानाधारक परिचारिकेसाठी राखून ठेवलेली आहेत. परीक्षा याच कामांची असते.

उदाहरणार्थ, प्रसंग असा असू शकतो: ८० वर्षांच्या बाई, पक्षाघातामुळे डावी बाजू कमजोर, पाठीवर लालसर डाग, एकदा पडल्या आहेत. परिचारिकेने आधी त्यांची माहिती वाचून नियोजन लिहायचे असते. मग खोलीत दार वाजवून जायचे, स्वतःची ओळख द्यायची, काय करणार ते सांगून त्यांची संमती घ्यायची. आंघोळ घालताना, कूस बदलताना, खुर्चीत बसवताना त्या स्वतः जेवढे करू शकतात तेवढे त्यांना करू द्यायचे. लालसर डागावर बोटाने दाबून रंग पांढरा पडतो का, हे पाहायचे, कारण तो पांढरा पडत नसेल, तर ती दाबव्रणाची सुरुवात असते. शेवटी नोंद करायची, पुढच्या पाळीला माहिती द्यायची, आणि परीक्षकांसमोर आपण काय केले व का केले हे सांगायचे.

आपल्याकडे रुग्णाला स्वच्छ करणे, खाऊ घालणे ही कामे पुष्कळदा नातेवाईक किंवा आया-मावशी करतात, म्हणून अनुभवी सिस्टरलाही ती कामे हळूहळू, बोलत बोलत करण्याची सवय नसते. परीक्षक थांबवून विचारतात, ‘हे आत्ताच का केलेत?’ आणि उत्तर हातात असते, पण जर्मनमध्ये तोंडात येत नाही. तयारीसाठी तिथे मार्गदर्शक वर्ग असतात, ते घ्यावेतच. तिथल्या वॉर्डात पडण्याचा धोका, दाबव्रण आणि वेदना यांबाबत जे राष्ट्रीय सेवानिकष पाळले जातात, ते सर्वांत आधी वाचावेत, कारण तोंडी परीक्षेतील बरेच प्रश्न त्यांच्याभोवतीच फिरतात.

व्हिसा आणि करार

मान्यतेची उरलेली पूर्तता करण्यासाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा मिळतो. तो सुरुवातीला २४ महिन्यांपर्यंतचा असतो आणि एकूण ३ वर्षांपर्यंत वाढवता येतो. या काळात सहायक म्हणून नोकरी करता येते.

ही सहायक नोकरी किती महागात पडते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. जर्मनीत वृद्धसेवेतील किमान वेतन १ जुलै २०२५ पासून साध्या सहायकासाठी ताशी १६.१० युरो आणि परवानाधारक परिचारिकेसाठी ताशी २०.५० युरो आहे. फरक ताशी ४.४० युरो, म्हणजे ३८.५ तासांच्या आठवड्याने महिन्याला सुमारे ७३० युरो. रुग्णालयांतील वेतनकरार वेगळे असतात, पण परवाना लांबल्याने महिन्याला किती नुकसान होते याचा अंदाज यावरून येतो. म्हणूनच करारात तीन गोष्टी लेखी असाव्यात: परीक्षा किंवा अभ्यासक्रम कधी सुरू होणार, त्यासाठी कामातून सुटी कशी मिळणार, आणि परवाना मिळाल्यावर पगार कोणत्या तारखेपासून बदलणार. संस्था लवकर सोडल्यास खर्च परत करण्याची अट असेल, तर तिची मुदत आणि रक्कम पाहावी.

एजंटामार्फत जात असाल, तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे emigrate.gov.in वर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. मूळ गुणपत्रके आणि पासपोर्ट त्याच्याकडे ठेवायला देऊ नयेत. त्याला प्रती पुरतात.

परवाना हातात येताना

पूरक अभ्यासक्रम संपला किंवा परीक्षा उत्तीर्ण झाली, म्हणजे परवाना आपोआप येत नाही. त्याच कार्यालयाकडे निकाल, बी२ चे प्रमाणपत्र, नवा चारित्र्य दाखला आणि नवे आरोग्य प्रमाणपत्र पाठवावे लागते. व्यवसायाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही बी२ चा एखादा भाग राहिल्यामुळे महिनोन्‌महिने सहायकाच्या पगारावर काम करणाऱ्या मुली असतात, म्हणून बी२ परीक्षा ज्ञानपरीक्षेच्या आधीच उरकावी. सर्व कागद पोचल्यावर व्यवसायाचे नाव वापरण्याची परवानगी देणारे प्रमाणपत्र मिळते आणि त्या दिवसापासून ती संपूर्ण जर्मनीत परवानाधारक परिचारिका ठरते, फक्त त्या राज्यापुरती नव्हे. त्यानंतर परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन कुशल कामगाराचा निवास परवाना घ्यावा लागतो आणि संस्थेकडून नव्या पदाचा करार लेखी घ्यावा लागतो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी या काळातही मुदत संपण्यापूर्वी नूतनीकृत करत राहावी, कारण पुढे दुसऱ्या एखाद्या देशात अर्ज करायचा झाला किंवा नाशिकला परत येऊन काम करायचे झाले, तर पहिली मागणी तिचीच होते.